उणे ८००

महिनाअखेरीला महसुलाचा रिपोर्ट निघाला की अकाउंट्सच्या मॅडम तो ओळ न् ओळ वाचतात. त्या दिवशी त्यांनी मला जागेवरूनच हाक मारली. "हे बघ, या एका ग्राहकाचं लहान प्लॅनचं उत्पन्न उणे ८०० आलंय. उत्पन्न शून्य असू शकतं, पण उणे कसं काय?"

प्रश्न रास्त होता. ग्राहकाने लहान प्लॅन १० दिवस वापरला होता. मग काही ना काही उत्पन्न दिसायलाच हवं. सवलत नव्हती, परतावा दिलेला नव्हता. मी त्या खात्याचा सगळा इतिहास उघडून बसलो.

महिना ३० दिवसांचा होता आणि आमचं बिलिंग आगाऊ. लहान प्लॅन १२०० चा, मोठा ६००० चा. १ तारखेला नेहमीप्रमाणे १२०० चं इनव्हॉइस निघालं, पण कार्डाची मुदत संपलेली असल्यामुळे पैसे कटले नाहीत. इनव्हॉइस थकीत राहिलं आणि सिस्टीम दर थोड्या दिवसांनी पुन्हा प्रयत्न करत राहिली. अशा वेळी आम्ही सेवा लगेच तोडत नाही, काही दिवसांची मुदत देतो. त्या मुदतीतच, १० दिवस पूर्ण झाल्यावर, ग्राहकाने नवं कार्ड घातलं आणि मोठ्या प्लॅनवर अपग्रेड केलं.

अपग्रेडच्या इनव्हॉइसमध्ये दोन ओळी होत्या. लहान प्लॅनचे उरलेले २० दिवस वापरले जाणार नाहीत म्हणून वजावट ८०० आणि मोठ्या प्लॅनच्या २० दिवसांचे ४०००. निव्वळ ३२००. ते नव्या कार्डावरून लगेच मिळाले. (खरे आकडे एवढे गोल नसतात. सिस्टीम प्रोरेशन, म्हणजे वापराच्या काळाच्या प्रमाणात होणारी आकारणी आणि वजावट, सेकंदावर मोजते, त्यामुळे दुपारी अपग्रेड केलं तरी पैशांत फरक पडतो. इथे मी सोपे करून लिहितोय.)

इथवर सगळं बरोबर होतं. कुणी म्हणेल, पैसेच आले नव्हते तर ८०० ची वजावट कशी दिली? पण वजावट मिळालेल्या पैशांवर नसते, आकारलेल्या पैशांवर असते. १२०० चं इनव्हॉइस उभं होतं, म्हणजे ते ग्राहकाचं देणं होतं. त्यातले ८०० आपण माफ केले, एवढाच त्या ओळीचा अर्थ. ते १२०० कधी ना कधी वसूल होतील असं गृहीत धरूनच तो हिशेब मांडलेला असतो.

घोळ पुढे झाला. थकबाकीची आठवण करणारा मेल गेल्यावर ग्राहकाचा सपोर्टला फोन आला. तिकिटात त्यांचं म्हणणं नोंदवलेलं होतं: जुना प्लॅन आम्ही सोडला, नव्याचे पैसे तुम्ही घेतलेत, मग जुन्याचं बिल अजून का मागता? ऐकायला अगदी पटण्याजोगं. सपोर्टमधल्या मुलाने जुनं इनव्हॉइस रद्द केलं, दिलगिरी व्यक्त केली आणि तिकीट बंद केलं. त्याच्या स्क्रीनवर दिसत होतं ते एक थकीत बिल आणि एक वैतागलेला ग्राहक. ८०० ची ओळ दुसऱ्याच इनव्हॉइसमध्ये होती, ती त्याला दिसणार कशी?

आता मॅडमच्या आकड्याचा उलगडा झाला. लहान प्लॅनच्या खात्यात आधी अधिक १२००, मग वजावटीचे उणे ८००, मग रद्द केल्याचे उणे १२००. बेरीज उणे ८००. एकच रक्कम दोनदा माफ झाली होती, शिवाय वापरलेल्या १० दिवसांचे ४०० ही गेले.

ग्राहकाकडच्या हिशेबनीसांना मीच फोन लावला. गृहस्थ सुरुवातीपासून सावध होते. "अहो, ते बिल तुम्हीच रद्द केलंत ना? आमच्याकडे मेल आहे."

"हो साहेब, रद्द आम्हीच केलं. फक्त एक सांगा, अपग्रेडच्या बिलात ८०० वजा झालेत, ते कशाचे?"

"जुन्या प्लॅनच्या उरलेल्या दिवसांचे."

"त्या दिवसांचे पैसे तुम्ही कधी भरलेत?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्यांनी स्वतःच मांडलं: १० दिवस लहान प्लॅनचे ४००, २० दिवस मोठ्याचे ४०००, एकूण ४४००. दिले ३२००. "म्हणजे १२०० राहिले," ते म्हणाले, "पण मग हे तुमच्या बिलावर लिहिलेलं का नाही? आम्हाला नुसतं 'न वापरलेला काळ' असं दिसतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचं बरोबर होतं. हल्ली त्या ओळीत मूळ इनव्हॉइसचा नंबर छापला जातो.

रद्द झालेलं इनव्हॉइस पुन्हा जिवंत करता येत नाही, ती शेवटची अवस्था. म्हणून १२०० चं वेगळं इनव्हॉइस काढलं, त्यात दोन ओळी: वापरलेल्या १० दिवसांचे ४०० आणि न आकारलेल्या रकमेवर दिलेली वजावट परत, ८००. एकच ओळ टाकली असती तरी पैसे तेवढेच, पण मग पुढच्या वर्षी तो कागद कुणालाच कळला नसता. ४०० त्यांनी तिथेच मान्य केले, ८०० साठी वरिष्ठांना विचारून कळवतो म्हणाले, आणि नंतर पूर्ण रक्कम भरली.

मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता: असे आणखी किती? आमच्या डेटाबेसच्या टेबलांवर मी ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT li.invoice_id, li.amount, old.id
FROM line_items li
JOIN invoices old
  ON old.subscription_id = li.subscription_id
 AND li.period_start >= old.period_start
 AND li.period_start <  old.period_end
WHERE li.proration AND li.amount < 0
  AND old.status IN ('void', 'uncollectible');
```

म्हणजे प्रोरेशनची प्रत्येक उणे ओळ घ्यायची आणि ज्या काळाची ती वजावट आहे त्या काळाचं मूळ इनव्हॉइस रद्द किंवा बुडीत झालंय का ते बघायचं. आणखी काही खाती निघाली. बहुतेकांत गोष्ट हीच: कार्ड नापास, अपग्रेड, तक्रार, रद्द. बुडीत खात्यात टाकलेल्यांचा प्रकार थोडा वेगळा. तिथे बुडीत म्हणून पूर्ण इनव्हॉइस दिसतं, पण त्यात वापरलेल्या दिवसांचे पैसे किती आणि वजावटीपोटी गेलेले किती, हे वेगळं दिसत नाही.

उपाय दोन सुचले. एक, थकबाकी असताना अपग्रेडच होऊ द्यायचं नाही, आधी जुनं भरा. हिशेबाला हे सर्वात स्वच्छ, पण पैसे द्यायला आलेल्या माणसाला दारात अडवायचं म्हटल्यावर सेल्सवाले खवळले. दुसरा आम्ही घेतला: एखाद्या इनव्हॉइसच्या काळावर प्रोरेशनची वजावट दिलेली असेल तर सपोर्टला ते रद्द करता येत नाही. बटण दाबलं की वजावटीची रक्कम समोर येते आणि तिकीट अकाउंट्सकडे जातं.

सपोर्टने हाताने दिलेलं क्रेडिट मात्र यातून सुटतं. त्यावर काळाची नोंदच नसते, त्यामुळे ते कुठल्या इनव्हॉइसपोटी दिलं हे क्वेरीला कळत नाही. ती यादी मॅडम अजून स्वतःच वाचतात.