एआरसीची सही होईपर्यंत: मिहानच्या हँगरमधला माझा अनुभव

विमानाच्या एअरवर्दीनेस सर्टिफिकेटवर संपण्याची तारीख नसते, हे मी सांगितलं की घरचे लोक दचकतात. "म्हणजे एकदा दिलं की कायमचं?" असं काकांनी मला विचारलं होतं. काकांचे स्वतःचे दोन ट्रक आहेत, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं: आरसी बुक एकदाच मिळतं, पण फिटनेस पुन्हा पुन्हा करावं लागतं ना, तसंच. विमानाच्या त्या फिटनेसला आमच्याकडे एआरसी म्हणतात, म्हणजे एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट. ते एक वर्षाचं असतं. ते संपलं की मूळ सर्टिफिकेट फाइलमध्ये कितीही छान दिसो, विमान प्रवासी घेऊन उडू शकत नाही.

मी एका विमान कंपनीच्या टेक्निकल रेकॉर्ड्स विभागात काम करते. आमचं एक ए320 विमान सी चेकसाठी, म्हणजे ठरलेल्या मोठ्या तपासणीसाठी, नागपूरला येणार होतं आणि त्याच दरम्यान त्याचं एआरसीही करायचं होतं. मी मूळची नागपूरची, म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. हॉटेलचा खर्च वाचला, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही एवढंच.

दोन्ही कामं एकत्र आणण्यामागे कारण होतं. रिव्ह्यू करणारा माणूस नुसते कागद बघत नाही, प्रत्यक्ष विमानही बघतो. एरवी विमान बंद डब्यासारखं असतं. सी चेकमध्ये मात्र खुर्च्या, पॅनेल, फरशी सगळं निघालेलं असतं. म्हणूनच नियमात अशी सोय आहे की रिव्ह्यू मुदतीच्या आधी 90 दिवसांपर्यंत केला तरी वार्षिक तारीख बदलत नाही. आमची मुदत त्या खिडकीत बसत होती.

एअरपोर्टच्या रनवेवरून मिहानच्या हँगरपर्यंत टॅक्सीवे आहे. विमान उतरलं, प्रवाशांच्या टर्मिनलकडे न वळता थेट आत आलं. मे महिना, म्हणजे खापरीच्या त्या मोकळ्या पट्ट्यात दुपारी सावलीलाही ऊन लागतं.

सी चेक हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की विमान बिघडलं म्हणून आणलंय. तसं नसतं. प्रत्येक विमानाचा एक मेंटेनन्स प्रोग्रॅम असतो, उत्पादकाच्या शिफारशींवरून बनवलेला आणि डीजीसीए या सरकारी विमान नियामकाने मंजूर केलेला. त्यात प्रत्येक कामाची हद्द तीनपैकी एका मापात किंवा अनेक मापांत दिलेली असते: उड्डाणाचे तास, उड्डाणांची संख्या आणि कॅलेंडर. यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. आमच्या प्रोग्रॅममध्ये ए चेक साधारण 750 तासांनी येतो, सी चेक दोनेक वर्षांनी, आणि सहा व बारा वर्षांनी सांगाड्याची मोठी तपासणी. काही कामांना थोडी सवलत घेता येते. पण काही भागांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं, उदाहरणार्थ इंजिनातल्या फिरत्या चकत्या. त्यांना एकही उड्डाण वाढवून मिळत नाही.

कॅलेंडरचं माप का लागतं, ते मागच्या गॅलीखालची, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराखालची फरशी उचलल्यावर कळलं. विमान उडो वा न उडो, गंज आपलं काम करत असतो. गॅली आणि टॉयलेटखालचा भाग कायम ओलसर: सांडलेला चहा, ज्यूस, बर्फाचं पाणी. फ्लोअर बीमच्या वरच्या पट्टीवर रंगाला फोड आले होते आणि फोडाखाली पांढरी भुकटी. अ‍ॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरा असतो. हँगरमधले भाऊ, वीसेक वर्षं हेच करणारे, टॉर्च मारून म्हणाले, "मॅडम, इथं कोणीतरी दोन वर्षं चहा सांडून राहिलं जी."

पुढची रीत ठरलेली आहे. आधी भुकटी साफ करायची, मग चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज घासून काढायचा आणि खळग्याच्या कडा हळूहळू उतरत्या करायच्या, म्हणजे तिथे ताण साठत नाही. एडी करंट या विजेच्या चाचणीने भेग आहे का बघायचं आणि अल्ट्रासोनिक गेजने उरलेली जाडी मोजायची. मूळ जाडी 2 मिलिमीटर होती. त्या जागेसाठी स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलने दहा टक्क्यांपर्यंत घट चालवून घेतली होती, म्हणजे किमान 1.80 उरायला हवं. पहिल्या डागाखाली 1.87 निघाले. तो रंगवून, सील करून बंद केला. हातभर पुढच्या डागाखाली 1.74. सहा शतांश मिलिमीटरने हद्द ओलांडली होती. डोळ्यांना दोन्ही खळगे सारखेच दिसत होते. म्हणूनच अशा ठिकाणी अनुभवी माणसाच्याही "चालते जी"ला किंमत नसते, आणि ते भाऊसुद्धा तसं म्हणाले नाहीत.

मग फोटो, मोजमाप, खळग्याचा नकाशा असं सगळं एअरबसला पाठवलं. उत्तर आलं: डबलर लावा, म्हणजे वरून धातूची दुसरी पट्टी जोडून मजबुती द्या. सोबत रिपेअरचं मंजुरीपत्र. त्यात एक ओळ अशी होती की ठरावीक उड्डाणांनंतर ही जागा पुन्हा तपासावी. माझं खरं काम त्या ओळीत होतं. मेकॅनिकसाठी दुरुस्ती शेवटच्या रिव्हेटला संपते. रेकॉर्ड्सवाल्यांसाठी तिथून एक नवीन काम जन्माला येतं, कारण ती तपासणी या एकाच विमानाच्या यादीत घालायची असते. बाकीच्या विमानांना ती लागू नसते. घालायची राहिली तर पुढे कुणालाच कळणार नाही, कारण वरून फरशी आणि गॅली बसलेली असेल.

नागपूरच्या मेचा हिसका सीलंटला बसला. पाकिटावर दोन तासांचा कामाचा वेळ लिहिलेला असतो, पण तो पंचवीस अंशांचा. हँगर एसी नाही. त्या गरमीत सीलंट त्याच्या बऱ्याच आधी ओढायला लागतं. म्हणून ते काम पहाटे लावलं. पोरं सहालाच तर्री पोहे खाऊन आली होती.

चेकची कार्डं एकेक करून बंद होत गेली तशी माझी फाइल जाड झाली. रिव्ह्यूमध्ये मुख्यतः काय बघतात? उड्डाणाचे तास आणि संख्या बरोबर नोंदल्यात का. मुदतीत येणारं प्रत्येक काम झालंय का. सक्तीचे आदेश, ज्यांना एडी म्हणतात, ते सगळे लागू केलेत का आणि कसे. आयुष्य ठरलेल्या प्रत्येक भागाचा कारखान्यापासूनचा प्रवास सापडतो का. दुरुस्त्या आणि बदल मंजूर आहेत का. वजनाचा कागद आताच्या विमानाशी जुळतो का. आणि शेवटी, कागदावरचं विमान आणि समोर उभं असलेलं विमान एकच आहे का.

रिव्ह्यू करणारे साहेब आमच्याच संस्थेचे, पण या चेकच्या एकाही सहीत त्यांचा हात नव्हता, आणि तसाच नियम आहे. त्यांनी आधी कागद वाचले, मग माझ्या यादीची प्रत हातात घेऊन विमानात शिरले. यादीतल्या काही वस्तू ते मधूनच निवडायचे आणि पाटीवरचा सीरियल नंबर मोठ्याने वाचायचे. मी टिक करायची.

केबिनमध्ये आपत्कालीन वापरासाठी हाताने उचलता येणाऱ्या ऑक्सिजनच्या बाटल्या असतात. मागच्या बाटलीशी ते थांबले. "तुमच्याकडे शेवटचे आकडे काय आहेत?" मी म्हणाले, "417." ते म्हणाले, "इथं 389 आहे."

अशा वेळी पहिली शंका सरळ असते: साफसफाईत पुढची बाटली मागे आणि मागची पुढे गेली असेल. आम्ही केबिनमधल्या सगळ्या बाटल्या बघितल्या. 417 कुठेच नव्हती. मग त्यांनी बाटलीच्या मानेवरचा ठोकलेला महिना आणि वर्ष वाचलं. ती शेवटच्या हायड्रो टेस्टची तारीख असते. या पोलादी बाटलीला दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासून पुन्हा शिक्का मारावा लागतो. माझ्या रेकॉर्डप्रमाणे 417 ची टेस्ट दोन वर्षांपूर्वीची. 389 ची जवळजवळ पाच वर्षांपूर्वीची. म्हणजे नंबर टंकताना चुकलेला नव्हता, बाटलीच दुसरी होती. दोन महिन्यांनी तिची मुदत संपणार होती आणि आमची संगणक यादी पुढची तीन वर्षं गप्प बसली असती.

उलगडा व्हायला संध्याकाळ लागली. काही महिन्यांपूर्वी एका स्टेशनवर, म्हणजे आमची विमानं जातात त्यांपैकी एका विमानतळावर, रात्री आमच्या बाटलीचा दाब कमी दिसला होता. सकाळच्या फ्लाइटसाठी शेजारी उभ्या विमानातून बाटली काढून इथे लावली. हँगरच्या भाषेत याला रॉबरी म्हणतात, आणि नियमाने केली तर ती चालते. आमची बाटली नंतर भरून त्या दुसऱ्या विमानात बसली. लॉगबुकमध्ये "बाटली बदलली" अशी नोंद आणि सही दोन्ही होती. पार्ट नंबरही होता. फक्त काढलेल्या आणि लावलेल्या बाटलीचे सीरियल नंबर नव्हते, त्यामुळे ज्याने ती नोंद सिस्टिममध्ये चढवली त्याला बदलायला काही सापडलंच नाही. दुसऱ्या विमानात फोन करून बघायला सांगितलं. 417 तिथे निघाली.

साहेब रागावले नाहीत, पण सहीही केली नाही. निष्कर्ष लेखी दिला आणि तो बंद झाल्याशिवाय एआरसी नाही, हे सांगितलं. सी चेकचं काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तोवर कॅटेगरी सी इंजिनिअरने, म्हणजे अशा मोठ्या चेकनंतर सही करण्याचा परवाना असलेल्या इंजिनिअरने, देऊन टाकलं होतं. तो कागद चेकमधल्या कामांपुरता. त्या बाटलीची हायड्रो टेस्ट या चेकमध्ये येतच नव्हती.

बंद करायला तीन गोष्टी लागल्या. नवी टेस्ट झालेली बाटली, तिच्या रिलीज सर्टिफिकेटसह, या विमानात बसवली. दोन्ही विमानांची रेकॉर्ड्स दुरुस्त केली. आणि ताफ्यातल्या बाकी विमानांमध्ये अशा बाटल्यांचे नंबर त्या त्या रात्रीच्या तपासणीत वाचून घ्यायला सांगितलं, कारण एका विमानात सापडलं म्हणजे ते एकाच विमानात असतं असं नाही. स्टेशनांना सूचना गेली की सीरियल नंबरशिवाय बदलीची नोंद स्वीकारली जाणार नाही.

एआरसीची सही झाली त्या दिवशी आई फोनवर म्हणाली, "झालं का गं, उडते का आता?" नव्या एआरसीवरची मुदत जुन्या तारखेपासून पुढचं एक वर्ष होती. विमान दुसऱ्या दिवशी गेलं आणि मी डबलरच्या तपासणीची ओळ सिस्टिममध्ये घातली: जागा, मंजुरीपत्राचा क्रमांक, किती उड्डाणांनी, आणि त्यासाठी मागची गॅली काढावी लागेल ही टीप.