वीस फुटी फ्लेक्स आणि अठरा इंची फोटो

सोलापुरी चादरीवरचा मोर खोलीच्या दारातून पाहिला की त्याची मान छान गोल वळलेली दिसते. तीच चादर अंगावर घेऊन नाकाशी आणली की मानेला पायऱ्या फुटतात. जकार्ड मागासाठी नक्षी काढतात ती आलेखाच्या कागदावर, एकेक चौकोन रंगवत. त्यामुळे गोलाई अशी तिथे कधी नसतेच, असतात ते नुसते चौकोन. मोबाइलमधला फोटोही असाच विणलेला असतो. त्यातल्या चौकोनाला पिक्सेल म्हणायचं आणि असे दहा लाख जमले की झाला एक मेगापिक्सेल. मोर तोच, चादर तीच, बदलतं ते डोळ्याचं अंतर. मोबाइलच्या खोक्यावर बाकी सगळं छापलेलं असतं, हे अंतर मात्र नसतं.

उदाहरणाला सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला एक फोटो घेऊ. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, मधोमध नंदीध्वज, मागे गर्दी. फोटो आडवा, १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे रुंदीत ४००० आणि उंचीत ३००० पिक्सेल. तो पाहायचा साध्या फुल एचडी पडद्याच्या फोनवर. फोन उभा धरला तर पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल, म्हणून फोटो दिसतो १०८० बाय ८१०. गुणाकार करा, पावणेनऊ लाख होतात. बारांपैकी एक मेगापिक्सेलसुद्धा धड दिसत नाही, बाकीचे फोन गुपचूप गाळून टाकतो. फोन आडवा केला तर आकडा साडेपंधरा लाखांवर जातो, इतकंच. घरातल्या फोर-के टीव्हीचा अख्खा पडदाही जेमतेम ८३ लाख पिक्सेलचा असतो. स्टेटसला ठेवण्यासाठी दोनशे मेगापिक्सेलचा फोन घेणं म्हणजे चहाच्या कपासाठी टँकर मागवणं.

कागदावर हिशेब बदलतो, पण तोही अंतराचाच. चांगल्या नजरेला फूटभर अंतरावरून एका इंचात साधारण ३०० पिक्सेल वेगळे ओळखता येतात. अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी होते. तीन फुटांवरून शंभर पुरतात, तीस फुटांवरून दहा. एवढं लक्षात ठेवलं की पुढे एकच भागाकार उरतो: फोटोच्या रुंदीतले पिक्सेल भागिले छापायच्या रुंदीचे इंच.

आपला यात्रेचा फोटो बारा बाय अठरा इंचांत छापायला द्यायचाय. ४००० भागिले १८ म्हणजे इंचाला २२२. अल्बमचं एवढं मोठं पान कोणी नाकाशी धरत नाही, दीड-दोन फुटांवरून पाहतात, आणि तिथे दोनशेच्या आतच काम भागतं. वीस बाय तीसची चौकट केली तर इंचाला १३३ येतात. भिंतीवरची चौकट तीन फुटांवरून पाहायची असल्याने तीही उत्तीर्ण. आता चौकात लावायचा फ्लेक्स, वीस फूट बाय दहा. पाहणारा रस्त्यापलीकडे, तीस फुटांवर. इंचाला दहा म्हटले तर २४०० बाय १२००, म्हणजे तीस लाखांनाही थोडे कमीच. वीस फुटी फ्लेक्सला अठरा इंची पानापेक्षा कमी पिक्सेल लागतात. हे पचायला जड जातं, पण फ्लेक्सच्या खाली उभं राहून वर पाहिलं की पटतं. तिथून साहेबांची मिशी मोराच्या मानेसारखीच पायऱ्यांची दिसते.

मग वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे काही चेहरे लांबूनही धुरकट का दिसतात? फ्लेक्सवाल्याला यंत्राचा दोष ऐकून घ्यावा लागतो, पण गोंधळ त्याच्या आधीच झालेला असतो. बारा जणांच्या ग्रुप फोटोतून एक चेहरा कापलेला असतो आणि तो फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असतो. साध्या पद्धतीने पाठवला की मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. बारा माणसं ओळीत उभी असली तर एकेका चेहऱ्याच्या वाट्याला ऐंशीएक पिक्सेल येतात. तो चेहरा तीन फूट रुंद छापायचा, म्हणजे ३६ इंच. इंचाला दोन! हवेत दहा. मूळ १२ मेगापिक्सेलची फाइल मागवली तर चेहरा दोनशे पिक्सेलचा होतो, तरी इंचाला साडेपाचच. मूळ फोटो ५० मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ८१६० पिक्सेल रुंद असेल, तर मात्र अकरा येतात. जास्त मेगापिक्सेलचा खरा उपयोग आहे तो इथे, कापाकापीत. पण चार पावलं पुढे जाऊन त्या एकट्या माणसाचा फोटो काढला, तर साध्या १२ मेगापिक्सेलमध्येच चेहऱ्याला हजार पिक्सेल मिळतात आणि इंचाला २७-२८ येतात. पायांइतका स्वस्त झूम कुठल्या कंपनीने अजून काढलेला नाही.

५० ची फाइल १२ च्या चौपट असते, पण रुंदीत फक्त दुप्पट. चारपट जागा, दुप्पट तपशील, आणि तोही कागदावरचा. २०० मेगापिक्सेलच्या फोनमध्ये पिक्सेल बसवायला जागाच उरत नाही. अशा एका प्रचलित सेन्सरवर एकेक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा असतो. प्रकाश मात्र कितीही चांगल्या लेन्समधून आला तरी टोकदार ठिपका पाडत नाही, थोडा पसरतोच. एफ १.८ च्या लेन्समधून हिरव्या प्रकाशाचा ठिपका साधारण २.४ मायक्रॉन रुंद पडतो, म्हणजे रुंदीतलेच चार पिक्सेल एका ठिपक्याखाली झाकले जातात. शिवाय त्या सेन्सरवर चार बाय चार अशा सोळा पिक्सेलांवर एकाच रंगाची गाळणी असते. म्हणून असा फोन एरवी सोळांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो, आणि त्याचं ते वागणं शहाणपणाचं असतं. रात्री होम मैदानावर पाळण्यांच्या दिव्यांत पूर्ण २०० चा मोड लावला, तर चिमुकल्या पिक्सेलांना पुरेसा उजेड मिळत नाही. आकाशात रवा सांडल्यासारखे कण दिसू लागतात. हात जरासा हलला तरी तो थरथराट आता जास्त पिक्सेलांवर पसरतो.

हे पडताळायला रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी पुरते. फोन कठड्यावर टेकवून एक फोटो १२ मध्ये आणि एक सगळ्यात मोठ्या मोडमध्ये काढायचा. दोन्ही इतके वाढवायचे की पाटीवरचा फोन नंबर सारख्याच आकाराचा दिसेल. भर उन्हात मोठ्या फोटोत एखादा आकडा जास्त वाचता आला, तर तेवढीच खरी कमाई. हीच पाटी संध्याकाळी सातला पुन्हा पाहायची. बहुतेक वेळा तेव्हा दोन्हींत काही फरक उरत नाही.

लॅबला फाइल देताना ती व्हॉट्सॲपमध्ये ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायची, म्हणजे ४००० चे १६०० होत नाहीत. आणि आकार ठरवण्याआधी कडा पाहायच्या. फोनचा फोटो चारास तीन असतो, बारा बाय अठराचा कागद तीनास दोन. त्यामुळे ३००० पैकी ३३३ ओळी जातात, छापील मापात वरून पाऊण इंच आणि खालून पाऊण इंच. नंदीध्वजाचं टोक जर काठाला टेकवून टिपलं असेल, तर ते दोनशे मेगापिक्सेलमध्येही कापलंच जाईल. वर थोडं आकाश सोडून फोटो काढायचा.