कात्रीने कापलेलं कार्ड आणि एकतीस गुण

सरांनी खिशातून छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर उपडी केली. क्रेडिट कार्डाचे चार तुकडे. चिप असलेला तुकडा बरोब्बर मधोमध कापलेला. "बघा मॅडम, नियमाप्रमाणे बंद केलंय. बँकेचं पत्रही आहे. मग स्कोअर कमी का?"

मी नाशिकला गृहकर्जाच्या फाइली बघते. स्कोअर कमी आला म्हणून चिडलेली माणसं आमच्याकडे आठवड्याला दोन-तीन तरी येतात, आणि बहुतेकांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये कुठला तरी थकलेला हप्ता निघतोच. सरांच्या रिपोर्टमध्ये तसलं काही नव्हतं. आयटीआयमध्ये शिकवणारा माणूस, सगळी कागदं पंच करून फाइलला लावलेली. मार्चमध्ये आम्ही त्यांचं बत्तीस लाखांचं कर्ज मंजूर केलं तेव्हा सिबिल स्कोअर होता ७८२. पुढे बिल्डरच्या कागदपत्रांत वेळ गेला, मंजुरीची तीन महिन्यांची मुदत संपली आणि जुलैमध्ये रिपोर्ट नव्याने काढावा लागला. या वेळी ७५१.

कर्ज नाकारण्याचा प्रश्न नव्हता. पण आमच्याकडे व्याजाचा दर स्कोअरच्या टप्प्यावर ठरतो आणि ७७५ च्या खाली आलं की पाव टक्का जास्त लागतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता २७,७७० रुपये बसत होता, पावणेनऊने तो २८,२७९ झाला. महिन्याला ५०९ रुपयांचा फरक. दर आहे तसाच राहिला तर वीस वर्षांत एक लाख बावीस हजारांच्या वर. सरांनी तो हिशोब घरूनच करून आणला होता.

"या चार महिन्यांत तुम्ही काय काय केलंत?" मी विचारलं.

"काहीच नाही. उलट एक कार्ड कमी केलं. एवढं मोठं कर्ज घेतोय, तर नको असलेलं कार्ड कशाला ठेवायचं, असं बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणाला."

कार्ड २००९ चं, पगार खात्याबरोबर मिळालेलं. मर्यादा एक लाख वीस हजार. वर्षाकाठी त्यावर एखादी रेल्वेची तिकिटं, बाकी ते फ्रिजच्या वॉरंटीच्या पाकिटात पडून असायचं. वापरातलं कार्ड वेगळं, २०२२ मध्ये घेतलेलं, मर्यादा साठ हजार. पेट्रोल, किराणा, मुलीच्या क्लासची फी, सगळं त्याच्यावर. महिन्याला अडतीस हजारांच्या आसपास बिल येतं आणि ते शेवटच्या तारखेच्या आधी पूर्ण भरलं जातं.

सरांचा अंदाज ठरलेला होता. "सोळा वर्षांचा इतिहास पुसला गेला ना? मला ग्रुपवर आला होता तसा मेसेज, पण उशिरा."

हा मेसेज आमच्या शाखेतल्या निम्म्या लोकांनाही खरा वाटतो. म्हणून मी त्यांना रिपोर्टच दाखवला. खात्यांच्या यादीत जुनं कार्ड जागेवर होतं. उघडल्याची तारीख २००९, बंद केल्याची तारीख एप्रिल २०२५, शिल्लक शून्य. खाली महिन्यांचे चौकोन आणि त्यात ओळीने ०००, म्हणजे एकही दिवस उशीर नाही. खातं बंद झालं म्हणून नोंद उडत नाही. आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे क्रेडिट ब्यूरोंना, म्हणजे हे रिपोर्ट आणि स्कोअर काढणाऱ्या कंपन्यांना, माहिती किमान सात वर्षं जपावीच लागते. सरांचं २००९ अजून रिपोर्टमध्ये बसलेलं होतं आणि बरीच वर्षं बसणार होतं.

"मग पडला कशाने?"

मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. आधी दोन्ही कार्डांची मिळून मर्यादा एक लाख ऐंशी हजार, बिल अडतीस हजार. म्हणजे मर्यादेच्या एकवीस टक्के वापर. जुनं कार्ड बंद झालं, त्याची एक लाख वीस हजारांची मर्यादा बेरजेतून गेली. बिल तेवढंच, अडतीस हजार, पण आता साठ हजारांवर. त्रेसष्ट टक्के. सरांच्या खर्चात काहीच बदल नव्हता. पण रिपोर्टकडे बघणाऱ्याला हा माणूस मार्चमध्ये निवांत होता आणि जुलैमध्ये कार्ड जवळजवळ काठोकाठ वापरतोय, असं दिसणार.

"पण मी एक पैसा व्याज भरत नाही हो. पूर्ण बिल भरतो."

हे बहुतेकांना पटत नाही, आणि मला त्यांचं आश्चर्य वाटत नाही. कार्डाची बँक ब्यूरोला जी थकबाकी कळवते ती बहुधा बिल तयार होतं त्या दिवसाची असते. सरांचं बिल १८ तारखेला तयार व्हायचं, ते पैसे भरायचे पुढच्या महिन्याच्या चार-पाच तारखेला. वेळेत भरले हे त्या ००० च्या चौकोनांत दिसतं, पण थकबाकीच्या रकान्यात अडतीस हजार जातात ते जातातच.

सर थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग शिक्षकी प्रश्न आला. "हे सिद्ध कसं करणार? दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. कार्ड गेलं, टक्का वाढला. तुम्ही म्हणता टक्का, मी म्हणतो कार्डाचं वय."

प्रश्न बिनतोड होता. ब्यूरो आपलं सूत्र उघड करत नाहीत, त्यामुळे किती गुण कशाचे ते कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण इथे एक गोष्ट बदलता येत होती आणि दुसरी येत नव्हती. कार्ड परत चालू होणार नव्हतं. सरांनी त्यांच्या बँकेला विचारून झालं होतं, नवीन अर्ज करा म्हणाले. म्हणजे नवी चौकशी, नवी तारीख, २०२५ ची. टक्का मात्र एका महिन्यात खाली आणता येतो. टक्का खाली आल्यावर स्कोअर चढला, आणि कार्ड तर बंदच आहे, तर दोष वयाचा नव्हता.

"१८ तारखेच्या तीन-चार दिवस आधीच बहुतेक पैसे भरून टाका. बिल पाच-सात हजारांचंच तयार होऊ दे," मी म्हणाले. "आणि मधल्या काळात स्कोअर बघायचा तर स्वतःच बघा, आम्हाला काढायला लावू नका." स्वतःचा रिपोर्ट कितीदाही बघितला तरी गुण जात नाहीत, आणि प्रत्येक ब्यूरोकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आम्ही काढला की मात्र कर्जाची चौकशी म्हणून नोंद होते.

सरांनी १४ तारखेला बत्तीस हजार भरले. बिल आलं साडेसहा हजारांचं, साठ हजारांवर अकरा टक्के. जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्यूरोकडे दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागत होती, म्हणून फार थांबावं लागलं नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतः रिपोर्ट काढला आणि मला फोनवरून आकडा वाचून दाखवला. ७७९. तीन गुण कुठे गेले ते मी सांगू शकत नाही. जुलैमधली आमचीच चौकशी असेल, किंवा आणखी काही. पाव टक्का वाचला.

तरी वयाचा मुद्दा खोटा नाही, तो फक्त या प्रसंगातला गुन्हेगार नव्हता. सरांना मी तेही मांडून दाखवलं होतं. त्यांच्या रिपोर्टमध्ये तीन खाती: सोळा वर्षांचं जुनं कार्ड, चार वर्षांपूर्वीचं दुचाकीचं कर्ज, तीन वर्षांचं नवीन कार्ड. ढोबळ सरासरी साडेसात वर्षांच्या वर. ज्या दिवशी ते जुनं खातं रिपोर्टमधून खरोखर निघेल, त्या दिवशी उरलेल्यांची सरासरीच धरली जाईल. आज ती साडेतीन भरते. ब्यूरो नेमकी अशीच सरासरी काढतात असं नाही, पण वयाला वजन का असतं ते यातून कळतं. तीन वर्षं वेळेवर भरणाऱ्याने कदाचित अडचणीचा काळ पाहिलेलाच नसतो. सोळा वर्षं भरणाऱ्याने नोकरीतले बदल, आजारपण, लग्नकार्यं यातून जात भरलेलं असतं. पैसे देणाऱ्याला तेवढंच हवं असतं. सरांच्या बाबतीत गृहकर्ज वीस वर्षं चालणार, ते स्वतःच जुनं होत जाणार. ज्याच्याकडे एकच जुनं कार्ड आहे आणि बाकी सगळं कालपरवाचं, त्याने मात्र चारदा विचार करावा.

पण जुनं कार्ड ठेवा, ठेवाच, असं मी सरसकट सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, ड्रॉवरमध्ये विसरलेलं कार्ड असलेल्या. वार्षिक फी पाचशे, वर जीएसटी, ५९० रुपयांचं बिल तयार झालं. पत्ता जुना, मेसेज कुठे जायचे कोण जाणे. त्यावर उशिराचा दंड, आणि रिपोर्टमध्ये ००० च्या जागी ३०, ६०, ९० अशी चढती रांग. वापर शून्य आणि थकबाकीदार. त्या बाईंनी ते कार्ड आदल्या वर्षी बंद केलं असतं तर स्कोअरचं भलंच झालं असतं. फी असलेलं आणि न वापरलेलं कार्ड मी स्वतः बंद करते, फक्त कर्जाच्या अर्जाच्या सहा महिने आधी-नंतर नाही, आणि दुसऱ्या कार्डाची मर्यादा वाढवून घेतल्यावर.

सरांच्या कर्जाच्या सह्या करायला त्यांच्या मिसेस आल्या होत्या, सहकर्जदार म्हणून. सगळं आटोपल्यावर त्यांनी पर्समधून एक कार्ड काढलं. २०१३ चं. "यांचं झालं ते झालं. माझं ठेवू की काढू? फी नाहीये त्याला."

"शेवटचं कधी वापरलंत ताई?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि त्याला मोबाइल नंबर कुठला जोडलाय?"

त्या जरा थांबल्या. "माहेरचा असावा. भावाच्या नावावर होता, तो तर कधीच बंद झाला."

मी म्हटलं, आधी बँकेत जाऊन नंबर बदला, बाकीचं नंतर. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. कार्ड बँकेनेच बंद करून टाकलं होतं. वर्षाहून जास्त काळ वापर नसेल तर ग्राहकाला कळवून, तीस दिवसांत उत्तर आलं नाही की बँक खातं बंद करू शकते, तसा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. कळवलं होतं म्हणे. माहेरच्या नंबरवर.