वाड्यातलं ऊन पाचच्या आत जातं

शूट होऊन दोन महिने झाले, एडिटही लॉक झालं. तरी सतरावा सीन आठवला की मी त्या दिवशीची कॉल शीट, म्हणजे युनिटला वाटलेलं दिवसाचं वेळापत्रक, उघडून बसतो.

चौदा पानांची शॉर्टफिल्म. बावीस सीन, दोन दिवस, अठरा माणसांचं युनिट. मी फर्स्ट असिस्टंट डिरेक्टर, म्हणजे खरं तर एकमेव असिस्टंट डिरेक्टर. लोकेशन वाईच्या पुढे, पाचगणीच्या पठाराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावातला जुना वाडा. जानेवारीचा तिसरा आठवडा.

स्क्रिप्ट हातात आली की त्यातून थेट कॉल शीट निघते असं बऱ्याच जणांना वाटतं. आधी ब्रेकडाऊन करावा लागतो. कथा म्हणून मी स्क्रिप्ट एकदाच वाचतो. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कोण आहे, काय हातात आहे, कसला आवाज येतो, सगळ्याखाली रेघा. पान आठ भागांत मोजतात, म्हणजे छोटा सीन 'दोन अष्टमांश' होतो आणि दिवसभरात किती पानं निघतील याचा अंदाज बांधता येतो. मोजमाप उपयोगाचं आहे, पण लबाडही आहे. दोन माणसं बसून तीन पानं बोलतात तो सीन दुपारभरात संपतो, आणि 'गाय दारातून आत येते' ही अर्धी ओळ सकाळ खाते.

ब्रेकडाऊनमधली सगळ्यात किचकट गोष्ट म्हणजे कथेतला दिवस. प्रत्येक सीन कथेतल्या कितव्या दिवशी घडतो हे स्क्रिप्टमध्ये बहुधा लिहिलेलं नसतं. शेजारीण चौथ्या पानावर 'काल आली नाहीस' म्हणते, त्यावरून ओळखायचं. आमच्या कथेत तीन दिवस निघाले. दुसऱ्या दिवशी आजीला हिरवी नऊवारी, तिसऱ्या दिवशी करड्या रंगाची. नऊवारी बदलायला मदतीला माणूस असूनही वीस मिनिटं जातात, मग केस आणि कुंकू. त्यामुळे साडी कुठे बदलते त्यावर माझ्या दिवसाची घडी बसते.

सतरावा सीन असा होता: बाहेर, अंगण, उतरती उन्हं. आजी जोत्यावर तूर निवडतेय. सावली अंगणातून सरकत येते आणि तिच्या पायांवर चढते. ती सूप खाली ठेवत नाही. संवाद नाही, दोन अष्टमांश. दिग्दर्शकाने ही फिल्म याच दोन अष्टमांशांसाठी केली होती, हे मला माहीत होतं.

मी 'उतरती उन्हं' वाचलं, सूर्यास्त पाहिला, ६:२०, आणि कॉल शीटवर लिहिलं: सीन १७, ५:१५ ते ६:००. त्याआधी ४:४५ला चहा आणि साडीबदल. दुपारभर आतले सीन, हिरव्या साडीतले. कागदावर सगळं छान बसलं होतं.

आता रेकीबद्दल, म्हणजे शूटआधी लोकेशन पाहून येण्याबद्दल. रेकीला आम्ही डिसेंबरात गेलो, भर दुपारी साडेबाराला, कारण गाडी अर्ध्या दिवसाचीच परवडत होती. प्रॉडक्शनवाल्यांना रेकी म्हणजे सहल वाटते. तिथे वाचवलेले पैसे शूटच्या दिवशी दुप्पट जातात, हे त्यांना सांगून मी थकलो. माझ्या टिपणात बरंच काही होतं. मीटर किती ॲम्पियरचा, टेम्पो कुठपर्यंत येतो, मेकअपला खोली कुठली, बाथरूम किती, जवळचा दवाखाना, रेंज कुठल्या कोपऱ्यात मिळते. ऊन कुठून येतं हेही होतं. ऊन कुठे अडतं हे नव्हतं. साडेबाराला अंगण उन्हाने भरलेलं होतं, आणि पश्चिमेचा डोंगर नुसताच सुंदर दिसत होता. मी त्याचा फोटोही काढला.

शूटच्या दिवशी ४:२५ला आम्ही आत अकराव्या सीनमध्ये होतो. लाईटदादा दारातून आत आला, माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, अंगण अर्धं गेलं." मी बाहेर धावलो. पठाराची धार आणि सूर्य यांच्यात जेमतेम फट राहिली होती.

हिशोब सोपा आहे, तो मला आधी करायचा होता. हात ताठ लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. आपल्याकडे जानेवारीत संध्याकाळी सूर्य एवढा खाली यायला सुमारे पाऊण तास लागतो. जोत्यावर बसून पाहिलं तर पठाराची धार क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर होती. म्हणजे दीड तास आधीच सगळं संपणार. पंचांगातला ६:२० सपाट माळरानाचा असतो. आमचा सूर्यास्त ४:५०ला होता.

पुढची मिनिटं विसरता येत नाहीत. कॅमेरा बाहेर, ट्रॉली नको, स्टँड ठेवा. आणि मग लक्षात आलं की आजीचं काम करणाऱ्या ताई हिरव्या साडीत आहेत. साडी बदलेपर्यंत ऊन गेलेलं असणार. कॉस्च्यूमच्या मुलीने कोणालाही न विचारता माजघरातली गोधडी आणून ताईंच्या गुडघ्यांवर टाकली, खांद्यावर शाल घातली. ताई रंगभूमीवर चाळीस वर्षं काढलेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत, सूप घेऊन बसल्या. एक टेक मिळाला. सावली आली, पायांवर चढली, त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. कट म्हटल्यावर पाहिलं तर अंगण पूर्ण निळं झालं होतं.

टेक सुंदर आहे. पण गोधडी फ्रेममध्ये आल्यामुळे अठराव्या आणि एकोणिसाव्या सीनलाही ती घ्यावी लागली, आणि डाव्या घोट्यापाशी हिरवा काठ बोटभर दिसतो. कोणाच्या लक्षात येत नाही. माझी नजर दर वेळी तिथेच जाते.

पॅकअपनंतर वाड्याच्या काकूंना मी उगाच म्हटलं, "ऊन लवकर जातं हो तुमच्याकडे." त्या म्हणाल्या, "पौषात जातंच. म्हणून तर मी वाळवण मागच्या परड्यात घालते." रेकीला त्यांनी आम्हाला चहा दिला होता. आम्ही त्यांना फक्त प्लगपॉईंट विचारले.

डोंगराचं मी मान्य केलंय. ती सरळ चूक होती. माझं डोकं अडकतं ते साडीच्या क्रमावर. अठरा-एकोणीस हे करड्या साडीतले, आतले सीन. ते कधीही करता आले असते. ते दुपारी घेतले असते तर ताई आधीच योग्य साडीत असत्या, आणि ऊन तासभर आधी पळालं तरी नुसतं बाहेर जाऊन बसायचं होतं. पण ताईंनी आधीच विनंती केली होती की शक्य तितकं कथेच्या क्रमाने घ्या, एकोणिसावा रडण्याचा आहे. मी हो म्हटलं, आणि अजूनही वाटतं बरोबर म्हटलं. त्यांचा एकोणिसावा पाहिला की वाटतं, हा दुपारी दोनला असा आला नसता. आणि मग तो हिरवा काठ दिसतो.

दुसऱ्या दिवशीच्या कॉल शीटवर सूर्यास्ताच्या ओळीखाली मी एक ओळ वाढवली: 'अंगणात ऊन ४:५० पर्यंत.' रात्री अकराला ग्रुपवर टाकली. अठरापैकी सहा जणांनी उघडली. त्या दिवशी बाहेरचा एकही सीन नव्हता.