तीन बिंदूंतून जाणारी रेषा

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून आलेल्या रिपोर्टात तीनच आकडे होते: वर्किंग पॉइंट १०२० अंश, सॉफ्टनिंग पॉइंट ७४०, अॅनीलिंग पॉइंट ५५०. काच नेहमीचीच, सोडा-लाइम, फक्त कच्च्या मालात थोडा बदल केलेला. दुपारपर्यंत आमच्या प्रोसेस विभागाने त्यावरून विस्कॉसिटीची, म्हणजे दाटपणाची, रेषा काढली आणि भट्टीचं तापमान ८० अंशांनी उतरवायचा प्रस्ताव मांडला. इंधनाची बचत दिसत होती, त्यामुळे बैठकीत सगळे खुशीत होते.

ज्यांचा काचेशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. काचेला बर्फासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो; तापवत गेलं की ती हळूहळू सैल होत जाते. म्हणून या तिन्ही ‘पॉइंट’ची व्याख्या दाटपणावरून केलेली आहे. १०³ पास्कल-सेकंदाला काच साच्यात घालण्याजोगी होते, तो वर्किंग पॉइंट. १०^६.६ ला ती स्वतःच्या वजनाने वाहू लागते, तो सॉफ्टनिंग. १०^१२ ला आतला ताण काही मिनिटांत निवळतो, तो अॅनीलिंग. ५५० ते १०२० अंशांच्या दरम्यान दाटपणा एक अब्ज पटींनी उतरतो, म्हणून आम्ही त्याचा लॉगच मांडतो. तोही सरळ रेषेत उतरत नाही. थंड बाजूला चढ फार तीव्र असतो. त्यासाठी फोगेल-फुल्चर-टामान यांचं सूत्र वापरतात:

```
log10(η) = A + B / (T − T0)
```

इथे η म्हणजे दाटपणा आणि T म्हणजे तापमान, सेल्सियसमध्ये. A, B आणि T0 या तीन अज्ञात संख्या, आणि हातात तीन बिंदू. अडचण नेमकी इथेच आहे. तीन बिंदू कितीही चुकीचे असोत, रेषा त्यांच्यातून तंतोतंत जाणारच. सहकाऱ्याने मला अभिमानाने दाखवलं की फिटमध्ये चूक शून्य आहे. शून्यच असणार! तिथे चूक दिसायला जागाच उरलेली नसते.

मी आधी A बघतो. तापमान अनंत मानलं की B चं पद नाहीसं होतं आणि A तेवढा उरतो. सिलिकेट काचांमध्ये तो उणे तीनच्या आसपास असतो. इथे निघाला उणे ४.४. B ६३८०, T0 १६२. आमच्या जुन्या काचेचा A उणे २.९ होता, आणि कच्च्या मालातल्या एवढ्याशा बदलाने तो इतका खाली जात नाही.

मग कोणता बिंदू खोटा? सॉफ्टनिंग ७४० च्या जागी ७२५ घातला, बाकी दोन तसेच ठेवले. A उणे २.८९ वर आला, B ४५८०, T0 २४३. या दोन रेषा तीन बिंदूंच्या पल्ल्यात जवळजवळ चिकटून चालतात. स्ट्रेन पॉइंटला, म्हणजे १०^१३.५ ला, फरक जेमतेम चार-पाच अंशांचा. पण १० पास्कल-सेकंद, म्हणजे काच वितळवण्याच्या बाजूचा दाटपणा, एका रेषेवर १३३६ अंशांना येतो आणि दुसरीवर १४२० ला. बैठकीतली बचत ती हीच.

प्रयोगशाळेला फोन करून दोन गोष्टी विचारल्या. पहिली: फिरत्या स्पिंडलच्या व्हिस्कोमीटरवर वर्किंग पॉइंट काढताना वरच्या तापमानाची रीडिंग घेतली होती का? घेतली होती, १४०० अंशांपर्यंत; रिपोर्टात मात्र छापली नव्हती. १४०० ला त्यांना सुमारे १२ पास्कल-सेकंद मिळाले होते. ७२५ ची रेषा तिथे ११.७ सांगते, ७४० ची ५.२. मोजलेलं ज्ञान फॉर्ममध्ये रकाना नाही म्हणून फेकून देतात, याचा मला अजूनही राग येतो.

दुसरी: सॉफ्टनिंगची भट्टी प्रमाण काचेवर, म्हणजे जिचा सॉफ्टनिंग पॉइंट आधीच माहीत आहे अशा काचेवर, शेवटची कधी तपासली? या चाचणीत साधारण ०.६५ मिलिमीटर जाडीचा, २३५ मिलिमीटर लांबीचा काचेचा तंतू टांगतात. त्याचा वरचा १०० मिलिमीटर भाग भट्टीत असतो आणि तापमान मिनिटाला पाच अंशांनी चढतं. तंतू मिनिटाला एक मिलिमीटर लांबू लागला की ते तापमान टिपायचं. तापमान मोजणारं थर्मोकपल तंतूपेक्षा गरम जागी बसलं, तर रीडिंग जास्त येतं. भट्टीचं वाइंडिंग बदललं होतं आणि त्यानंतर प्रमाण काच लावलीच नव्हती. ती लावल्यावर आकडा १५ अंशांनी जास्त आला. थर्मोकपल नीट बसवून आमचा नमुना पुन्हा मोजला, तेव्हा ७२५ मिळाले.

प्रस्ताव मागे घेतला गेला. पण मला सलतं ते वेगळंच. चूक १५ च्या जागी पाच अंशांची असती, तर A उणे ३.३५ आला असता. तेवढ्यावर मी फोन उचलला असता असं वाटत नाही, आणि वितळवण्याचं तापमान तरीही ३२ अंशांनी कमी दिसलं असतं. आता मी तीन बिंदूंचा रिपोर्ट घेत नाही. व्हिस्कोमीटरची सगळी रीडिंग मागवतो, फिट त्या सगळ्यांवर करतो आणि सॉफ्टनिंग पॉइंट फिटबाहेर ठेवून रेषा त्याच्या किती जवळून जाते ते बघतो.