रस्ता कुणाच्या नोंदवहीत?

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका उपविभागात मी आवक-जावक बघते. टपाल घ्यायचं, शिक्का मारून आवक क्रमांक टाकायचा आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच बाहेरच्यांना दिसतं. कुठलं पत्र आपलं आणि कुठलं दुसऱ्या खात्याचं, हे मात्र बरेचदा साहेबांपर्यंत जाण्याआधीच ठरून जातं. वरिष्ठ लिपिक कोपऱ्यात पेन्सिलीने "आपल्याकडील नाही" असं लिहितात आणि पत्र परतीच्या वाटेला लागतं.

गेल्या पावसाळ्यात असंच एक पत्र आलं. गावाच्या रस्त्यावरची नळकांडी मोरी खचली होती, एका बाजूची हेडवॉल ओढ्यात गेली होती आणि शाळेची गाडी अलीकडेच थांबत होती. अर्ज मुळात जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेला. तिथून तो तहसीलदारांकडे, मग गटविकास अधिकाऱ्यांकडे, मग जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडे आणि शेवटी आमच्याकडे आला. प्रत्येक टप्प्यावर तोच शेरा: "उचित कार्यवाहीस्तव". रस्ता नक्की कुणाचा, हे शोधायची तसदी मधल्या एकाही टेबलाने घेतली नव्हती. आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की एकाही पत्राच्या तळाशी "प्रत: अर्जदार" नव्हतं. अर्ज एवढा फिरला आणि ज्यांचा होता त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

ते काका स्वतःच चौकशीला आले म्हणून हे कळलं. निवृत्त शिक्षक. "ताई, मी सगळ्यात मोठ्या साहेबांना लिहिलं, म्हणजे काम लवकर होईल ना?" असा त्यांचा हिशेब. तो हिशेब बहुतेकांचा असतो. प्रत्यक्षात वर लिहिलेलं पत्र पायऱ्या उतरत खालीच येतं, आणि प्रत्येक पायरीवर काही दिवस बसतं. ज्याच्या अधिकारात ते काम आहे त्याच्या नावे पत्र, आणि वरच्यांना माहितीसाठी प्रत, हा क्रम लावला तर कागद सरळ जातो. पत्रावर पदनाम घालावं, अधिकाऱ्याचं नाव नको. साहेबांची बदली झाली की नावाने आलेलं पाकीट खासगी समजून न उघडता त्यांच्या मागे पाठवलं जाण्याची भीती असते.

आमच्या वरिष्ठांनी नेहमीप्रमाणे पेन्सिल उचलली. त्यांचं कारण वरवर बरोबर होतं. महाराष्ट्रात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग आमच्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. हा रस्ता गावात जातो, कडेच्या जुन्या दगडावर जिल्हा परिषदेचाच क्रमांक आहे, म्हणजे तो तिकडचा. किलोमीटरचा दगड ही चांगली खूण आहे, मी नाकारत नाही. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता. पण शासन निर्णयाने रस्त्याची दर्जोन्नती झाली म्हणून त्याच दिवशी दगडाला कुणी नवा रंग देत नाही. रस्ता कुणाचा हे दगडावरून, नकाशावरून किंवा तो कुठे जातो यावरून ठरत नाही, ते रस्ते नोंदवहीवरून ठरतं.

मी शाखा अभियंत्यांकडून नोंदवही मागून घेतली. मूळ यादीत हा रस्ता नव्हता. पण मागे जोडलेल्या दर्जोन्नतीच्या पानांवर तो सापडला: इतर जिल्हा मार्गाचा जुना क्रमांक, त्यापुढे प्रमुख जिल्हा मार्गाचा नवा क्रमांक, आरंभ, शेवट आणि लांबी. काकांच्या अर्जात फक्त "गावाजवळची मोरी" एवढंच होतं. शाखा अभियंत्यांनी जागा पाहून तिचं "कि.मी. ४/२००" केलं, म्हणजे आरंभापासून चार किलोमीटर दोनशे मीटर. ती जागा आमच्याच लांबीत बसत होती. पेन्सिलीचा शेरा खोडावा लागला.

इथेच सगळं संपलं असतं, पण साहेबांनी विचारलं, "मोरी बांधली कुणी?" दर्जोन्नती होण्याआधी ती जिल्हा परिषदेने ठेकेदाराकडून बांधून घेतली होती, आणि ठेक्यातला दोषदायित्व कालावधी अजून चालू असण्याची शक्यता होती. तो चालू असेल तर मोरी ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, आणि त्याला नोटीस काढायची ती करार करणाऱ्याने, म्हणजे जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांनी. म्हणजे रस्ता आमचा, पण ठेकेदाराला बोलवायचा अधिकार त्यांचा. शिवाय रस्त्याच्या हस्तांतरणाचं पत्र आमच्या दप्तरात मिळालं नाही. त्यांच्याकडे असेल तर असेल.

त्यामुळे साहेबांनी अर्ज परत केला नाही. आमच्या कार्यकारी अभियंत्यांना अहवाल आणि तात्पुरत्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक गेलं, जिल्हा परिषदेला करार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि हस्तांतरणाचे कागद मागणारं पत्र गेलं, आणि दोन्हींच्या तळाशी मी "प्रत: अर्जदार" टाइप केलं. तोवर मोरीच्या दोन्ही बाजूंना धोक्याच्या पाट्या आणि पांढरे रंगवलेले ड्रम लावायला सांगितलं. जीव जाण्यासारखी जागा असेल तर मालकीचा वाद मिटायची वाट बघत नाहीत, आणि याबाबत आमच्या साहेबांना मानलं पाहिजे.

काकांनी विचारलं, "हे मला आधी कसं कळणार?" प्रश्न रास्त होता. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. ती यादी मागून बघावी, पण बऱ्याच ठिकाणी ती जुनी असते. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज करायचा आणि एवढंच विचारायचं: अमुक ते अमुक या रस्त्याचा क्रमांक व वर्ग काय, आणि देखभाल कोणत्या विभागाकडे आहे? तो अर्ज चुकीच्या खात्यात पडला तरी कलम ६ (३) प्रमाणे पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करून अर्जदाराला लगेच कळवावं लागतं. तक्रारीच्या साध्या अर्जाला हे कलम लागत नाही. त्याच्यासाठी विलंब प्रतिबंधाचा कायदा आहे. त्यात एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं म्हटलंय, पण त्याची आठवण अर्जदारानेच करून द्यावी लागते.

आणि पत्र चुकीच्या ठिकाणी गेलंच, तर लगेच नवा अर्ज लिहू नये. नव्या अर्जाला नवी तारीख पडते आणि आधीचे सगळे दिवस हिशेबातून जातात. पोच घेतलेल्या प्रतीवर आवक क्रमांक असतो. तो दाखवून "माझा अर्ज कुठे पाठवला, जावक क्रमांक आणि तारीख काय?" एवढं विचारायचं. पुढच्या कार्यालयातल्या माझ्यासारखीला त्या क्रमांकावरूनच कागद सापडतो, अर्जदाराच्या नावावरून शोधणं कठीण जातं. "अखत्यारीत येत नाही" असं तोंडी सांगितलं, तर लेखी मागायचं आणि कुणाच्या अखत्यारीत येतं तेही त्यातच लिहायला लावायचं.

माझ्या मनात अजून एक गोष्ट अडकली आहे. काकांनी पहिल्याच दिवशी अचूक कार्यालय गाठायचं ठरवलं असतं, तरी पत्ता कुठला लिहिला असता? रस्त्यासाठी आमचा, ठेकेदारासाठी जिल्हा परिषदेचा, आणि दोन्ही बरोबर. अशा वेळी प्रति या रकान्यात दोन्ही कार्यकारी अभियंते लिहावेत आणि कुणाकडून काय हवं ते वेगवेगळ्या परिच्छेदात मागावं, असं मी आता येणाऱ्यांना सांगते. वरिष्ठांना ते पटत नाही. दोघांना लिहिलं की दोघेही दुसऱ्याची वाट बघतात, असं ते म्हणतात, आणि तसं होताना मीही पाहिलंय. जिल्हा परिषदेकडून कराराची प्रत अजून यायची आहे. स्मरणपत्र मी कालच जावक केलं.