स्प्रिंगची तोफ, नोंद ४: शिखर शोधायचं तर उतारावरून शोधा

गेल्या नोंदीत तोफ तयार झाली होती: पीव्हीसी नळी, आत स्प्रिंग, आणि १२ मिमीचा बेअरिंगचा छर्रा. या वेळी एकच प्रश्न घेतला. कोणत्या कोनात छर्रा सर्वांत लांब जातो, आणि ते मोजून खरंच दाखवता येतं का?

आधी एक दुरुस्ती सांगतो. नळीची खीळ मागच्या टोकाला होती, त्यामुळे कोन वाढवला की नळीचं तोंडही वर जायचं आणि प्रत्येक कोनाला उंची वेगळी पडायची. आता खीळ तोंडाजवळ घेतली आहे. कोनमापकाला ओळंबा बांधलाय. छर्रा जिथे पडतो तिथे पाटावर कोरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर. पहिला ठिपका हाच पल्ला. पाट विटांवर ठेवून नळीच्या तोंडाच्या पातळीला आणला, म्हणजे सुटण्याची आणि पडण्याची उंची एकच. या स्थितीत पल्ल्याचं सूत्र अगदी सुटसुटीत आहे:

```
R = (v²/g) sin 2θ
dR/dθ = (2v²/g) cos 2θ
d²R/dθ² = −(4v²/g) sin 2θ
```

पहिलं विकलज शून्य केलं की cos 2θ = 0, म्हणजे ० ते ९० अंशांत एकच उत्तर, ४५. तिथे दुसरं विकलज −4v²/g येतं. ते ऋण आहे, म्हणून ही महत्तम किंमतच. दोन्ही टोकांना, ० आणि ९० अंशांना, पल्ला शून्य आहे, त्यामुळे दुसरीकडे कुठे मोठा पल्ला लपलेला नाही. मात्र ही विकलजं रेडियनमध्ये आहेत, हे पुढे आकडे घालताना विसरू नका.

गच्चीवर प्रत्येक कोनाला दहा-दहा छर्रे सोडले. सरासरी अशी आली: ४२ अंशांना ३६६ सेंमी, ४५ ला ३६७, ४८ ला ३६५. आणि एकाच कोनाचे दहा ठिपके जवळजवळ ५ सेंमीत पसरलेले! यावरून ४५ हेच शिखर असं म्हणणं प्रामाणिकपणाचं नव्हतं. ४३ असतं तरी आकडे असेच दिसले असते.

याचं कारण त्या दुसऱ्या विकलजातच आहे. शिखरापासून कोन δ रेडियनने चुकला, तर पल्ला साधारण 2δ² या प्रमाणात घटतो. ३ अंश म्हणजे ०.०५२ रेडियन, घट अर्धा टक्का, आमच्या तोफेला २ सेंमी. शिखर इतकं सपाट आहे की त्याच्यावर उभं राहून ते सापडत नाही. उलट ३० अंशांना पहिलं विकलज v²/g इतकं, म्हणजे अंशामागे ६.४ सेंमी आहे. तिथे अर्ध्या अंशाचा फरकही टेपवर दिसतो. म्हणून शिखराच्या दोन्ही बाजूंना, उतारावर मोजायचं आणि मध्य काढायचा. ४५ पासून सारख्या अंतरावरच्या दोन कोनांना सारखा पल्ला मिळतो, हे गॅलिलिओने १६३८ सालीच मांडलं होतं. मला ते आजवर एक गंमतीदार गुणधर्म वाटायचं. प्रत्यक्षात ते मोजण्याचं उत्तम हत्यार आहे.

३० अंशांना ३२२ आले आणि ६० ला ३१५. सात सेंमीचा फरक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. हवेचा विरोध? पोलादी छर्ऱ्यावर या वेगाला तो वजनाच्या सुमारे दोन टक्केच असतो, आणि तो दोन्ही कोनांना लागतो, त्यामुळे एवढा फरक त्याच्याने पडणार नाही. दोष तोफेतच होता. स्प्रिंग छर्ऱ्याला नळीत १० सेंमी ढकलते, आणि नळी जितकी उभी तितका छर्रा त्या अंतरात वर उचलावा लागतो. ३० च्या तुलनेत ६० अंशांना ३.७ सेंमी जास्त. तेवढी ऊर्जा वजा झाली की v² सुमारे २ टक्के कमी होतो आणि पल्ला साडेसहा सेंमी. हिशेब जुळला. सूत्रात v स्थिर धरलाय, आमच्या तोफेत तो कोनाबरोबर किंचित बदलतो, आणि त्यामुळे खरं शिखर ४५ च्या अर्धा अंश अलीकडे सरकतं. स्प्रिंगवर काहीही उडवणाऱ्यांनी ही जोडीची चाचणी आधी घ्यावी. दोन पल्ले जुळले नाहीत तर कोनमापकावर राग काढण्याआधी वेग तपासावा.

मग तोफ टेबलावर चढवली. आता नळीचं तोंड पाटापेक्षा h = ७५ सेंमी वर आहे. sin 2θ चं सूत्र इथे चालत नाही. वर्गमुळाचं लांबलचक सूत्र विकलित करायला बसलो तर दोन पानं भरली आणि चिन्ह चुकलं. त्यापेक्षा मार्गाचं समीकरण घेऊन t = tan θ धरलं तर सगळं सुटतं:

```
−h = R t − (g R²/2v²)(1 + t²)
```

R हे t चं फल समजून दोन्ही बाजूंचं विकलन करायचं आणि R′ = 0 ठेवायचं. उरतं R = gR²t/v², म्हणजेच t = v²/(gR). हे वरच्या समीकरणात परत घातलं की:

```
R = (v/g) √(v² + 2gh)
tan θ = v / √(v² + 2gh)
```

महत्तम आहे की नाही हे पाहायला पुन्हा एकदा विकलन केलं आणि R′ = 0 ठेवलं. सगळी पदं एकमेकांत विरली आणि हाती राहिलं R″ = −R. पल्ला धन, म्हणून दुसरं विकलज ऋण. h कितीही असो, एवढंच! हे कागदावर उतरलं तेव्हा मी पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसता बघत होतो.

आकडे घातले. ४५ अंशांच्या पल्ल्यावरून v जवळजवळ ६ मी/से येतो. tan θ = 6/7.12, म्हणजे θ = ४०.१ अंश, आणि पल्ला ४३६ सेंमी. छर्रे सोडले: ४० ला ४३६, ४५ ला ४३१. पाच सेंमी म्हणजे पुन्हा ठिपक्यांच्या पसाऱ्याइतकेच, तेव्हा पुन्हा उतारावर गेलो. शिखर ४५ ला असतं तर ३० आणि ६० जुळायला हवे होते. आले ४२० आणि ३५४. म्हणजे ४५ साफ बाद. सूत्रावरून ३० ची जोडी ५० शी लागते, ४१७ आणि ४१६. मोजले तर ४२० आणि ४१५. उरलेला फरक त्या स्प्रिंगचाच, आणि त्याच दिशेला.

पुढच्या रविवारी तोफ १.५ मीटरवर. सूत्र म्हणतं ३६.६ अंश. मोजणार मात्र २६ आणि ४७ जवळ.